चार बोटांचे अंतर

आमच्या महाविद्यालयात कला शाखेचे वर्ग जुन्या इमारतीत आणि विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळा नव्या इमारतीत आहेत. मधे एक बोळ आहे आणि सायकली लावण्याची जागा आहे. दोन वर्षांत हा बोळ ओलांडण्याचे मला काही कारण पडले नाही. यंदा पडले, आणि तेही तर्कशास्त्राच्या पेपरमुळे. चक्रक दोष म्हणजे काय, हे समजावताना आमच्या बाईंनी सांगितले होते, की जे सिद्ध करायचे तेच आडमार्गाने आधी गृहीत धरायचे आणि मग सिद्ध झाले म्हणून टाळी पिटायची, असा तो दोष असतो. घरचे एखादे उदाहरण शोधून आणा, असेही त्या म्हणाल्या. मला उदाहरण सापडले ते मावशीच्या मायक्रोवेव्ह भट्टीत. मात्र ते चक्रक दोषाचे आहे की नाही, हे ठरवता ठरवता दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांचा हा हिशेब आहे.

माझी मावशी नाशिकला पोळीभाजी केंद्र चालवते. आमच्या घराण्यात दहावीपुढे कोणी गेलेले नाही. शिक्षणासाठी मी तिच्याकडे राहते आणि सकाळ-संध्याकाळ तिच्या हाताखाली काम करते. तीन वर्षांपूर्वी तिने एक जुनी मायक्रोवेव्ह भट्टी विकत घेतली. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिच्यातली काचेची गोल थाळी फिरेनाशी झाली. दुरुस्तीला जे पैसे सांगितले त्यांत दोन महिन्यांचा गॅस आला असता, म्हणून मावशीने तो विचार सोडून दिला. थाळी फिरेना तेव्हा एक गंमत दिसू लागली. भाजीच्या चार वाट्या आत ठेवल्या तर दोन चटका बसण्याइतक्या तापत आणि दोन कोमटच राहत. गिऱ्हाइके कुरकुरू लागली. मावशीने आठवडाभर वाट्या इकडेतिकडे सरकवून पाहिल्या आणि मग भट्टीच्या कडेवर बाहेरून तीन टिकल्या चिकटवल्या. मला म्हणाली, "टिकलीच्या रेषेत वाटी ठेव. एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत चार बोटं अंतर. मग सगळ्या सारख्या तापतात." वाट्या लहानच होत्या, चटणीच्या, त्यामुळे अशा रीतीने त्या एका ओळीत मावत.

चार बोटे म्हणजे किती, असा प्रश्न मावशीला पडला नाही. तिच्या दृष्टीने ते अंतर पुरेसे नेमके होते. मला मात्र तो प्रश्न पडला, कारण वाचनालयातल्या एका विज्ञान मासिकात मी असे वाचले होते, की भट्टीतील तापणाऱ्या जागांमधले अंतर मोजले, तर आतल्या अदृश्य लहरींची लांबी कळते आणि त्या लांबीवरून प्रकाशाचा वेगही काढता येतो. परदेशांतील शाळांमध्ये हा प्रयोग मुलांना घरी करायला देतात. कोणी चॉकलेट घेतो, कोणी किसलेले चीज, कोणी मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई.

वाचकांपैकी जे माझ्यासारखेच जुन्या इमारतीतले आहेत त्यांच्यासाठी त्यामागचे कारण सांगते. दोरीचे एक टोक खुंटीला बांधावे आणि दुसरे हातात धरून हलवावे. हातातून निघालेली लहर खुंटीवर आपटून परत येते. जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळतात. हात ठरावीक गतीने हलवत राहिले, की लहर पुढे सरकताना दिसतच नाही. दोरीवर काही बिंदू जागच्या जागी गप्प राहतात आणि दोन गप्प बिंदूंच्या मधे दोरीचे फुगवटे वरखाली होत राहतात. हिला स्थिर लहर म्हणतात. भट्टीच्या भिंती धातूच्या असतात आणि विद्युत्-चुंबकीय लहर धातूवरून परत फिरते. म्हणून तिथेही असेच फुगवटे आणि असेच गप्प बिंदू तयार होतात. फुगवट्याच्या जागी अन्न तापते, गप्प जागी ते थंड राहते. काचेची थाळी फिरवायची ती याचसाठी, की प्रत्येक घासाला आळीपाळीने फुगवट्यातून जाता यावे.

आता अर्ध्याचा मुद्दा. एक पूर्ण लहर म्हणजे एक उंचवटा आणि एक खळगा. स्थिर लहरीत शेजारशेजारचे दोन फुगवटे एकमेकांच्या उलट असतात, एक वर गेला की दुसरा खाली. अन्नाला मात्र वर काय आणि खाली काय, सारखेच. विद्युत्क्षेत्र कोणत्याही दिशेला ताणले गेले तरी त्याने अन्न तापतेच. म्हणून एका लहरीत तापणाऱ्या जागा दोन येतात आणि दोन तापलेल्या जागांमधले अंतर अर्ध्या लहरीएवढे भरते. ते अंतर दुप्पट केले की तरंगलांबी मिळते.

भट्टीच्या मागे पत्र्याची एक पट्टी असते. तिच्यावर २४५० मेगाहर्ट्झ असे लिहिलेले होते, म्हणजे लहर एका सेकंदात २४५ कोटी वेळा डोलते. एका डोलण्यात ती एक तरंगलांबी पुढे जाते. तेव्हा तरंगलांबीला २४५ कोटींनी गुणले की एका सेकंदात ती किती जाते ते समजते. तोच प्रकाशाचा वेग, कारण ही लहर आणि प्रकाश एकाच जातीचे आहेत. प्रकाशाचा वेग पुस्तकात दिलेलाच आहे, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. त्यावरून उलटा हिशेब केला, तर तरंगलांबी १२.२ सेंटीमीटर आणि दोन डागांमधले अंतर ६.१ सेंटीमीटर यायला हवे.

मी आधी मावशीची चार बोटे मोजली. ती ७ सेंटीमीटरच्या किंचित वर भरली.

तिची बोटे कामाने जाड झाली आहेत, हेच कारण असेल असे समजून मी रीतसर प्रयोग करायचे ठरवले. केकवाल्याकडे मिळणारे कंपाउंड चॉकलेट सव्वातीनशे ग्रॅम आणले. ते वितळवून चौकोनी काचेच्या ट्रेमध्ये अर्धा सेंटीमीटर जाडीचा सपाट थर दिला आणि घट्ट होऊ दिला. चॉकलेटच का, तर ते थोड्याशा उष्णतेने मऊ पडते आणि त्यातून उष्णता सावकाश पसरते, म्हणून जिथे तापले तिथेच वितळते. पाणी घेतले असते तर तापलेले पाणी हलून सगळीकडे मिसळले असते. वड्या जशाच्या तशा मांडल्या, तर त्यांच्या फटी आणि कडा वेगळ्या तापतात, म्हणून सलग थर बरा. वेष्टनाची चंदेरी चांदी अजिबात राहता कामा नये, नाहीतर आत ठिणग्या उडतात. आमच्या भट्टीची थाळी आपोआपच थांबलेली होती. ज्यांची थाळी फिरते, त्यांनी थाळी आणि तिच्याखालची चाकांची कडी काढून घ्यावी आणि मधल्या फिरत्या खुंटीवर काचेचा वाडगा पालथा घालून, खुंटीला टेकणार नाही अशा बेताने वर ट्रे ठेवावा.

भट्टी पूर्ण शक्तीवर ठेवायची. शक्ती कमी केली म्हणजे लहर मंदावते असे मला वाटत होते. पण बहुतेक भट्ट्यांमध्ये कमी शक्तीचा अर्थ एवढाच असतो, की यंत्र काही सेकंद चालते आणि काही सेकंद बंद राहते. त्या बंद वेळात उष्णता पसरते आणि डागांच्या कडा पुसट होतात. म्हणून पूर्ण शक्ती आणि थोडा वेळ. पंधरा सेकंदांनी दार उघडून पाहिले, अजून काही नव्हते. वीस सेकंदांनी थरावर ओलसर चकाकी असलेले डाग दिसले. दातकोरणीने टोचून पाहिले, तर चकाकीच्या जागी टोक सहज आत गेले आणि बाजूला अडले. तिथेच थांबले पाहिजे. आणखी दहा सेकंद चालू ठेवले, तर डाग एकमेकांत मिसळतात आणि मोजण्यासारखे काही उरत नाही.

डाग सहा होते. भट्टीच्या रुंदीच्या दिशेने तीन-तीनच्या दोन ओळी, एक पुढे, एक मागे. मावशी ट्रेवर वाकली आणि म्हणाली, "माझ्या टिकल्याच की गं ह्या!" खरोखरच ओळीतले तिन्ही डाग तिच्या तीन टिकल्यांसमोर आलेले होते.

पण हे डाग लहरीमुळेच पडले कशावरून? थर एखाद्या ठिकाणी पातळ असेल आणि तिथे तो आधी वितळला असेल, अशीही शंका घेता येते. इथे तर्कशास्त्रातली व्यतिरेकाची पद्धत उपयोगी पडली. थर पुन्हा गुळगुळीत करून घट्ट होऊ दिला आणि पुढच्या खेपेस ट्रे अर्धा फिरवून ठेवला. त्यापुढच्या खेपेस तो ३ सेंटीमीटर उजवीकडे सरकवला. दोन्ही वेळा डाग चॉकलेटबरोबर फिरले किंवा सरकले नाहीत. भट्टीच्या भिंतींपासून जिथे होते तिथेच ते पुन्हा उमटले. दोष थराचा असता तर डाग थराबरोबर गेले असते. ही खात्री झाल्यावर मगच पट्टी हातात घेतली.

प्रत्येक डाग दोन सेंटीमीटरांच्या आसपास रुंद होता. त्याची डावी कड आणि उजवी कड मोजून मध्य काढायचा आणि मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचे, असा नियम मी आधीच ठरवून वहीत लिहिला होता. पहिल्या खेपेची चार अंतरे ७.०, ७.३, ७.१ आणि ७.२ सेंटीमीटर भरली. पाच खेपांत मिळून वीस अंतरे झाली. सर्वांत लहान ६.८ आणि सर्वांत मोठे ७.५. सरासरी ७.१४ आली. दुप्पट १४.२८ सेंटीमीटर. तिला २४५ कोटींनी गुणले, तेव्हा प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ साडेतीन लाख किलोमीटर निघाला! मावशीच्या भट्टीतला प्रकाश जगातल्या प्रकाशाला शेकडा सतरांनी मागे टाकत होता.

विज्ञान शाखेत माझी एक मैत्रीण आहे. तिला वही दाखवली. ती म्हणाली, "अगं, ६.१ यायला हवं. तुझे डाग केवढे मोठे आहेत! एकाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोज ना, बरोब्बर येईल." मी मोजून पाहिले. खरोखर ६.१ आले. तिचे काही वाईट नव्हते. शाळेतही प्रयोगाच्या वहीत उत्तर आधी आणि निरीक्षणे नंतर, असा प्रघात आम्ही दोघींनी पाहिलेला होता. पण असे मोजायचे, तर कड धरायची की मध्य, हे कोणी ठरवले? ते ठरवले ६.१ या आकड्याने. आणि ६.१ हा आकडा कुठून आला? प्रकाशाचा वेग आधीच ठाऊक होता, त्यातून. म्हणजे वेगातून अंतर, अंतरावरून मोजण्याची रीत, आणि त्या रीतीतून पुन्हा तोच वेग. बाईंनी मागितलेले चक्रक दोषाचे उदाहरण माझ्यापुढे उभे होते. दुसरी गोष्ट अशी, की माझी वीस अंतरे ६.८ ते ७.५ च्या दरम्यान होती. वीसपैकी एकही ६.१ च्या जवळ नव्हते. हात हलल्याने किंवा नजर चुकल्याने काही अंतरे कमी आणि काही जास्त यावीत, सगळी एकाच बाजूला येऊ नयेत. जे नेहमी एकाच बाजूला कलते त्याला काहीतरी कारण असले पाहिजे.

म्हणून तो बोळ ओलांडून मी भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले. सरांनी वही शेवटपर्यंत पाहिली, मग खिडकीतून सायकलींवरच्या छपराकडे बोट दाखवले. छपराला पन्हळी पत्रा आहे. ते म्हणाले, "त्या पत्र्याच्या दोन पन्हळींतलं अंतर मोजायचं झालं तर पट्टी कशी धराल?" मी म्हणाले, "पन्हळींना आडवी, काटकोनात." "आणि तिरकी धरली तर?" तिरकी धरली तर एका पन्हळीपासून दुसरीपर्यंतचे अंतर जास्तच भरणार. जितकी जास्त तिरकी, तितके जास्त. कमी मात्र कधीही भरणार नाही.

सरांचे म्हणणे असे होते, की दोरीवर लहरीला एकच वाट असते. भट्टी ही पेटी आहे. तिला रुंदी, खोली आणि उंची आहे. तिच्यात लहर भिंतीला समांतर सरळ जात नाही, ती तिरकी जाऊन एका भिंतीवरून दुसरीवर आणि छतावरून तळावर आपटत राहते. मी पट्टी धरली ती भिंतीला समांतर, म्हणजे लहरीच्या वाटेला तिरकी. म्हणून पत्र्यासारखेच माझे अंतर खऱ्या अर्ध्या लहरीपेक्षा मोठे आले. ते तिन्ही दिशांना मोजले आणि तिन्ही एकत्र केले, तरच तिरकेपणाचा हिशेब पुरा होतो.

घरी येऊन भट्टी आतून मोजली. रुंदी २९, खोली २८ आणि उंची १९ सेंटीमीटर. स्थिर लहरीचे फुगवटे भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण संख्येतच बसू शकतात, साडेतीन फुगवटे बसत नाहीत. रुंदीत चार बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७.२५ सेंटीमीटर येतात, आणि माझी सरासरी होती ७.१४. पुढची ओळ आणि मागची ओळ यांतले अंतर मी आधीच मोजून ठेवले होते, ते १४ सेंटीमीटर होते. म्हणजे खोलीत दोन फुगवटे. उंचीसाठी ट्रे निरनिराळ्या उंचीच्या वाडग्यांवर ठेवून पाहिला. खाली, मधे आणि वर, तिन्ही ठिकाणी डाग त्याच जागी होते. फक्त मधल्या उंचीवर ते सर्वांत लवकर उमटले आणि तळाजवळ व छताजवळ उशिरा. म्हणजे उंचीत एकच फुगवटा, १९ सेंटीमीटरचा.

ही तीन अंतरे एकत्र करण्याची रीत पायथागोरसच्या जातीची आहे. प्रत्येक अंतराची दुप्पट करायची, तिचा वर्ग करायचा आणि त्याने १ ला भागायचे. तिन्ही भागाकारांची बेरीज घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने पुन्हा १ ला भागायचे. रुंदीची दुप्पट १४.२८, तिचा भागाकार ०.००४९०. खोलीची दुप्पट २८, तिचा ०.००१२८. उंचीची दुप्पट ३८, तिचा ०.०००६९. बेरीज ०.००६८७, वर्गमूळ ०.०८२९, आणि त्याने १ ला भागल्यावर तरंगलांबी १२.०६ सेंटीमीटर. तिला २४५ कोटींनी गुणले, तर सेकंदाला सुमारे २ लाख ९५ हजार ५०० किलोमीटर. खऱ्या वेगाहून शेकडा दीडने कमी. पट्टीने डागाचा मध्य ठरवण्यात एखाद्या मिलीमीटरची अनिश्चितता राहतेच, आणि तेवढ्यानेच शेवटच्या उत्तरात एखाद्या मिलीमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून दशांशाचे पुढचे अंक मी मानत नाही. बारा सेंटीमीटर, एकदोन मिलीमीटर इकडेतिकडे, एवढेच या ट्रेवरून म्हणता येते.

कड धरून मोजलेले उत्तर आणि हे उत्तर यांत आकड्यांचा फारसा फरक नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असे मैत्रिणीने विचारले. फरक असा, की कड धरण्याचा नियम दुसऱ्या भट्टीत लागू पडणार नाही. तिथे डाग लहानमोठे असतील, अंतरे निराळी असतील, आणि उत्तर जुळवायला कड पुन्हा नव्याने निवडावी लागेल. पेटीचा नियम मात्र भट्टी बदलली तरी तोच राहतो. शिवाय तो आधीच सांगतो, की भिंतीच्या दिशेने मोजलेले अंतर अर्ध्या लहरीपेक्षा मोठे निघेल. सांगितल्याप्रमाणे घडले नाही, तर तो खोटा ठरू शकतो. कड धरण्याचा नियम कधीच खोटा ठरत नाही, आणि म्हणूनच त्याच्यापासून काही कळत नाही.

मग मूळ शंका उरली. पट्टीवरची २४५० ही संख्या तरी प्रकाशाच्या वेगावरून काढलेली नसेल ना? तसे नाही. डोलण्यांची संख्या मोजणारी यंत्रे घड्याळाच्या जातीची असतात. ती सेकंदातले ठोके मोजतात, त्यांना लहरीची लांबी ठाऊक असावी लागत नाही. लांबी पट्टीने, ठोके घड्याळाने, आणि वेग दोघांच्या गुणाकाराने, असे हे तीन वेगळे व्यवहार आहेत. हाइन्रिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली कार्ल्सरूहे येथे असल्या लहरींची लांबी प्रथम मोजली, तीही याच युक्तीने. भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्याने लहर परत फिरवली आणि तारेच्या कड्यातील बारीकशी ठिणगी कुठे मोठी होते, कुठे विझते, ते पाहत गप्प बिंदूंमधली अंतरे घेतली. त्याच्याजवळ ठोके मोजणारे यंत्र नव्हते, त्याला ती संख्या आपल्या मांडणीच्या घडणीवरून गणिताने काढावी लागली. आमच्याजवळ ती पत्र्यावर छापलेली होती, एवढ्यापुरते आम्ही त्याच्याहून सुखी. अर्थात छापील संख्याही तंतोतंत धरायची नाही. भट्टी जुनी झाली, आतला पदार्थ बदलला, की खरी संख्या २४५० च्या थोडी मागेपुढे सरकते.

सरांनी जाताजाता आणखी एक गोष्ट सांगितली. १९८३ पासून प्रकाशाचा वेग मोजायचा राहिलेलाच नाही. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा तो ठरवून टाकला आहे आणि मीटरची लांबीच त्यावरून ठरते. तेव्हा काटेकोर बोलायचे, तर आमच्या चॉकलेटने प्रकाशाची परीक्षा घेतली नाही, मावशीच्या शिवणाच्या पट्टीची घेतली. पट्टी शेकडा दीडच्या आत उत्तीर्ण झाली. हे मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्या पट्टीनं मी तुझे सगळे फ्रॉक बेतलेत, तिला कसली परीक्षा!"

ज्यांना हा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवते. आमच्या भट्टीत डागांच्या ओळी सरळ आल्या, हा तिच्या मापांचा योग आहे. त्याच पेटीत निराळ्या रचनेचे फुगवटेही बसू शकतात. दोन-तीन रचना एकाच वेळी उठल्या, तर डाग वेडेवाकडे येतात, काही जवळ, काही लांब. अशा वेळी सोयीची जोडी निवडून मोजण्यात अर्थ नाही. अंतरे समान असलेली ओळ सापडली तरच मोजावे, नाहीतर या भट्टीवरून सांगता येत नाही असे लिहून मोकळे व्हावे. ज्या भट्टीत थाळी नसते आणि लहरी ढवळणारा पंखा असतो, तिच्यात डाग एका जागी टिकतच नाहीत. दुसरे असे, की थर पातळ हवा. अन्नाच्या आत लहर हळू चालते आणि तिची लांबी आखडते. अर्ध्या सेंटीमीटरच्या थराने पेटीतली रचना फारशी बिघडत नाही, पण पातेलेभर वरण ठेवले तर ती पार बदलते. मावशीचा चार बोटांचा नियम वाट्यांना लागू पडतो आणि पातेल्याला नाही, हे तिनेही आपल्या अनुभवाने मला सांगितले होते. पातेले ती मधेच थांबवून ढवळते.

पाच खेपांची वीस अंतरे मी वहीत जशीच्या तशी ठेवली आहेत. ६.८ सुद्धा आणि ७.५ सुद्धा. बाईंना उदाहरण म्हणून मी आतल्या कडेपासून मोजलेले ६.१ दिले, आणि ते चक्रक दोषाचे असल्याचे त्यांनी मान्य केले. मावशीच्या चार बोटांवर मात्र त्यांना कोणताही आक्षेप घेता आला नाही. प्रकाशाचा वेग ठाऊक नसताना, भाजी गरम व्हावी एवढ्याच हेतूने मोजलेले ते अंतर होते, आणि आमच्या साऱ्या हिशेबात तेच सर्वांत आधीचे निरीक्षण ठरले.